इंटिग्रेशन सोडू की धरू? आधी नेमकं काय अडलंय ते बघ

प्रश्न: बोर्ड संपलं, सीईटीला (पीसीएम) पाच आठवडे राहिलेत. इनडेफिनिट इंटिग्रेशनवर तीन आठवडे घातले, रोज अडीच-तीन तास. पुस्तकातले स्वाध्याय सुटतात, पण मिक्स टेस्ट लावली की वीसपैकी नऊ-दहाच. व्हेक्टर्स आणि लाइन अँड प्लेन अजून उघडलेलंही नाही. आता सोडलं तर तीन आठवडे पाण्यात, नाही सोडलं तर बाकीचं राहतं. सोडायची वेळ आली हे कळतं कसं?

उत्तर:

मी पुण्यात सदाशिव पेठेत बरीच वर्षं बारावीचं आणि सीईटीचं गणित शिकवतो. बोर्डाचा शेवटचा पेपर झाला की पुढच्या काही दिवसांत मुलं हीच अडचण घेऊन येतात. बहुतेकदा धडाही हाच असतो. तू एक वाक्य सहज लिहून गेलास, माझ्या मते तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे: पुस्तकातले स्वाध्याय सुटतात, मिक्स टेस्ट सुटत नाही. त्याकडे आधी बघू, सोडण्या-धरण्याचं नंतर.

आपल्या बोर्डाच्या पुस्तकात हा धडा पद्धतीनुसार लावलेला आहे. आधी साधी सूत्रं, मग सब्स्टिट्यूशन, मग बाय पार्ट्स, मग पार्शल फ्रॅक्शन्स. बाय पार्ट्सचा स्वाध्याय उघडलास की पहिल्या गणितापासून शेवटच्यापर्यंत काय करायचंय ते तुला आधीच माहीत असतं. उरतं फक्त करणं. सीईटीत तसं काही लिहिलेलं नसतं, तिथे पद्धत तुलाच ओळखायची असते. म्हणजे तीन आठवडे तू ज्याचा सराव केलास आणि परीक्षेत जे विचारतात, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अजून तीन आठवडे तसेच घातलेस तरी नऊचे अकरा होतील फार तर.

म्हणून आधी एक कर. कधी न पाहिलेली वीस मिक्स गणितं घे. अप्पा बळवंत चौकात मागच्या वर्षांच्या प्रश्नांचे संच मिळतात, त्यातली घेतलीस तरी चालेल. गणित सोडवायचं नाही. घड्याळ लाव आणि प्रत्येक गणितापुढे चाळीस सेकंदांत फक्त पद्धत लिही: सब्स्टिट्यूशन असेल तर `t` कशाला धरणार, बाय पार्ट्स असेल तर `u` कोणता. सुचलं नाही तर रेघ मार आणि पुढे जा. वीस झाली की मग ती सोडवायला बस. शेवटी प्रत्येक गणिताला तीनपैकी एक शेरा दे: पद्धतच ओळखली नाही, पद्धत बरोबर पण मध्ये अडलो, किंवा चिन्ह नाहीतर आकडेमोड चुकली. ही वीस गणितं इंटिग्रेशनचा अभ्यास केला त्याच दिवशी लावू नकोस. मध्ये दोन दिवस जाऊ देत. सकाळी केलेलं संध्याकाळी येतंच, त्यावरून काही कळत नाही.

मागे एक मुलगी माझ्याकडे आली होती, तिचीही गाडी वीसपैकी नऊ-दहावरच अडली होती. हाच प्रकार तिच्याकडून करून घेतला. तिला अकरा गणितांची पद्धत ओळखता आली आणि त्या अकरातली दहा तिने बरोबर सोडवली. अकराव्यात चिन्ह चुकलं. म्हणजे तिचं इंटिग्रेशन कच्चं आहे असं म्हणणं चूक होतं. पद्धत कळली की ती जवळजवळ चुकतच नव्हती. उरलेली नऊ मात्र तीनच प्रकारांतली निघाली. चार गणितं `1/(5 + 4 cos x)` या जातीची होती, जिथे `t = tan(x/2)` धरावं लागतं. तीन `e^x [f(x) + f'(x)]` ची होती, पण वेश बदलून आलेली. आणि दोन `(x² + 1)/(x⁴ + 1)` सारखी, जिथे वर-खाली `x²` ने भागायची युक्ती सुचावी लागते.

असे तुकडे पाडले की "इंटिग्रेशन सोडू का" हा प्रश्नच उरत नाही. अकरा गणितांएवढा धडा तिच्या हातात होता, तो सोडायचा काही प्रश्नच नव्हता. निर्णय घ्यायचा होता तो तीन तुकड्यांबद्दल, आणि प्रत्येकाचा वेगवेगळा.

तुकड्याचा निर्णय घेताना मी दोन गोष्टी बघतो. पहिली, त्याच्यावर पुढचं काय उभं आहे. डिफरेन्शियल इक्वेशन्समध्ये व्हेरिएबल्स वेगळे केले की साधं इंटिग्रेशनच करायचं असतं. लिनिअर इक्वेशनला इंटिग्रेटिंग फॅक्टर `e^(∫P dx)` लागतो, पण त्यातला `P` बहुधा साधाच असतो. क्षेत्रफळाच्या गणितांना घातांकाचं सूत्र आणि `√(a² − x²)` चं सूत्र बहुतेक पुरतं. प्रोबॅबिलिटी डिस्ट्रिब्यूशनमध्ये कंटिन्युअस व्हेरिएबल आला तर बहुतेकदा बहुपदीचं इंटिग्रेशन. डेफिनिट इंटिग्रेशनमध्ये तर बरीच गणितं इंटिग्रेशन न करताच सुटतात. ० ते `π/2` पर्यंत `√sin x / (√sin x + √cos x)` याचं इंटिग्रेशन हातानं करायला गेलास तर दमशील. `x` च्या जागी `π/2 − x` घालून दोन्ही ओळींची बेरीज केलीस की उत्तर दोन ओळींत `π/4`. तेव्हा साधी सूत्रं, सब्स्टिट्यूशन, बाय पार्ट्स, साधे पार्शल फ्रॅक्शन्स आणि `√(a² − x²)` ची मंडळी सोडायची नाहीत, कितीही कंटाळा आला तरी. तुझं अडणं यातलंच असेल तर माझं उत्तर सरळ आहे: थांब, ते पक्कं कर, मग पुढे जा. उलट `tan(x/2)` आणि `x²` ने भागायच्या प्रकारावर पुढचं फारसं काही अवलंबून नाही. ती फांदीची टोकं आहेत.

दुसरी गोष्ट, पुढच्या एका तासात किती मार्क मिळणार. सीईटीचा हिशेब तुला माहीत असेलच, तरी एकदा मांडतो. गणिताचे ५० प्रश्न, ९० मिनिटं, प्रत्येकी २ मार्क, निगेटिव्ह मार्किंग नाही. त्यातले ४० प्रश्न बारावीचे, आणि बारावीच्या दोन्ही भागांचे मिळून धडे १५. म्हणजे एका धड्याला सरासरी पावणेतीन प्रश्न. कुठल्या धड्याला जास्त, कुठल्याला कमी, आणि शिफ्टप्रमाणे बदलतंही. पण अंदाजाला एवढं पुरे. `tan(x/2)` च्या जातीचा एखादा प्रश्न येईल, किंवा येणारही नाही. आला आणि नुसता ठोकला तरी चारात एक या हिशेबाने सरासरी अर्धा मार्क पदरात पडतो. म्हणजे तो प्रकार पूर्ण सोडून दिल्याची किंमत फार तर दीड मार्क. पलीकडे व्हेक्टर्स आणि लाइन अँड प्लेन, दोन अख्खे धडे, सरासरीने दहाच्या वर मार्क, आणि तू तिथे शून्यावर उभा आहेस. कोऱ्या धड्याचे पहिले सात-आठ तास सगळ्यात जास्त देऊन जातात. डॉट, क्रॉस, स्केलर ट्रिपल प्रॉडक्ट आणि त्यांवरची सरळ गणितं तेवढ्यात हाताखाली येतात.

आता त्या तीन आठवड्यांबद्दल. तू साठेक तास घातलेस. उद्या इंटिग्रेशन उघडलंस काय किंवा व्हेक्टर्स उघडलंस काय, ते तास दोन्हीकडे सारखेच गेलेले आहेत. त्यामुळे निवड करताना ते कोणत्याच पारड्यात टाकता येत नाहीत. मनाला हे पटत नाही याचं कारण असं की सोडलं म्हणजे ते फुकट गेले असं वाटतं, आणि धरून ठेवलं म्हणजे अजून वसूल व्हायची आशा राहते. पण जे वसूल व्हायचं होतं ते झालंय. तुला येणारी नऊ-दहा गणितं म्हणजेच ती वसुली, आणि व्हेक्टर्स उघडल्याने ती पुसली जाणार नाही.

माझ्या मुलांना मी एक प्रश्न विचारतो. समज तुझ्या खुर्चीत आज दुसरं कुणी येऊन बसलं. त्याला इंटिग्रेशन अगदी तुझ्याएवढंच येतं, व्हेक्टर्सही तुझ्याएवढंच कोरं आहे, पण इंटिग्रेशन शिकायला किती दिवस लागले याचा त्याला पत्ताच नाही. पाच आठवडे हातात आहेत. तो उद्या सकाळी कोणतं पान उघडेल? उत्तर चटकन आलं आणि ते तुझ्या कालच्या टाइमटेबलपेक्षा वेगळं असलं, तर तुझं टाइमटेबल परीक्षेसाठी चाललेलं नाही. ते गेलेल्या तासांसाठी चाललंय.

गेलेले तास एका कामाला मात्र नक्की येतात: शिकण्याचा वेग सांगायला. दर दोन-तीन दिवसांनी लावलेल्या मिक्स टेस्टचे आकडे ओळीने लिही. सहा, आठ, नऊ, अकरा असं चाललं असेल तर धडा हळू असला तरी हलतोय, अजून थोडं थांबण्यात अर्थ आहे. नऊ, दहा, नऊ, दहा असं चाललं असेल तर निदान या पद्धतीने तरी तो हलत नाहीये. आकड्यापेक्षाही मी चुकीची जात बघतो. आकडा तोच राहिला, पण मागच्या वेळी पद्धतच ओळखत नव्हतास आणि आता ओळखून मध्ये अडतोयस, तर ती प्रगती आहे. तीच चूक त्याच ठिकाणी तिसऱ्यांदा झाली तर नाही. नेल्सन आणि लिओनेसिओ या मानसशास्त्रज्ञांनी १९८८ मध्ये प्रयोगांतून दाखवलं की अवघड गोष्टींना बराच जास्त वेळ दिला तरी आठवण्यात फार थोडी भर पडते, कधी पडतच नाही. मेटकाफ आणि कॉर्नेल यांनी २००५ मध्ये मांडलं की आपण शिकतोय असं वाटण्याचा वेग शून्याच्या जवळ आला की माणूस एखादी गोष्ट थांबवतो. वर्गात मला अडचण दिसते ती हीच: मुलांना हा वेग आतून नीट जाणवत नाही. तीन तास एका जागी बसलं की काम झाल्यासारखं वाटतं. म्हणून तो कागदावर लिहायचा.

त्या मुलीचं आम्ही काय केलं ते सांगतो. `e^x` चा प्रकार ठेवला. कारण तो ओळखला की तीस सेकंदांत उत्तर येतं, `e^x f(x)`, बाकी काही करावं लागत नाही. सराव फक्त वेश ओळखण्याचा. `x e^x/(1 + x)²` दिसलं की वरचा `x` म्हणजे `(1 + x) − 1` असं लिहायचं, मग आत `1/(1 + x)` आणि त्याचंच डेरिव्हेटिव्ह उभं राहतं, उत्तर `e^x/(1 + x)`. `e^x (1 + sin x)/(1 + cos x)` मध्ये अर्ध्या कोनाची सूत्रं घातली की `tan(x/2)` आणि त्याचं डेरिव्हेटिव्ह निघतं, उत्तर `e^x tan(x/2)`. या प्रकाराला दीड-दीड तासाच्या दोन बैठका, एवढीच मर्यादा बसायच्या आधी ठरवली. बसल्यावर ठरवायला गेलं की "अजून दोनच गणितं" म्हणत रात्र होते.

`x²` ने भागायचा प्रकार तिने सरळ सोडला, कायमचा. `tan(x/2)` चा प्रकार बाजूला ठेवला, पण हात रिकामा ठेवून नाही. सीईटीत चार पर्याय समोर असतात, आणि इंटिग्रेशन बरोबर आहे का ते डेरिव्हेटिव्ह घेऊन तपासता येतं. तेही पूर्ण घ्यायची गरज नसते, एका सोप्या `x` ला पुरतं. `1/(5 + 4 cos x)` मध्ये `x = 0` घातलं की `1/9` येतं. म्हणजे बरोबर पर्यायाचं डेरिव्हेटिव्ह शून्यापाशी `1/9` यायलाच हवं. `(2/3) tan⁻¹[(1/3) tan(x/2)]` या पर्यायाचं बघ: `2/3` गुणिले `1/3` गुणिले `1/2`, म्हणजे `1/9`. बाहेर `1/3` असलेल्या पर्यायाचं `1/18` येतं, आत `3 tan(x/2)` असलेल्याचं `1` येतं. ते दोन्ही बाद. दोन पर्याय जुळले तर दुसरा एखादा `x` घ्यायचा. हे शिकायला तिला एक संध्याकाळ लागली. पूर्ण पद्धत न येताही त्या जातीचा प्रश्न आला तर तिच्याकडे आता काहीतरी होतं. बोर्डाच्या पेपरात हे चाललं नसतं, तिथे पायऱ्यांना मार्क असतात, पण तुझं बोर्ड झालंय.

मग ती व्हेक्टर्सकडे गेली. दहा-बारा दिवसांनी पुन्हा नवी वीस गणितं लावली तेव्हा तेरा आली. तेराचे अठरा झाले नाहीत, आणि करायचेही नव्हते. त्या दहा-बारा दिवसांत व्हेक्टर्स आणि लाइन अँड प्लेनचं बरंचसं काम झालं होतं, आणि ते मार्क इंटिग्रेशनमधून कधीच आले नसते.

बाजूला ठेवताना एक काम नेमाने कर. वहीच्या शेवटच्या पानावर लिही: काय बाजूला ठेवलं, कुठे अडलं होतं त्याची दोन नमुना गणितं, आणि परत कधी उघडणार ती तारीख. हे लिहिलं नाही तर दोन गोष्टी होतात. एक, व्हेक्टर्स करताना डोक्यात इंटिग्रेशनच घोळत राहतं आणि दुपारी जेवून आल्यावर हात आपोआप जुन्या वहीकडे जातो. दुसरी, परत उघडलंस तर पहिल्या पानापासून सुरुवात करतोस आणि सगळा वेळ आधीच येणाऱ्या गणितांवर जातो. ठरलेल्या तारखेला फक्त ती दोन नमुना गणितं काढायची. सुटली तर तो प्रकार सरावात घ्यायचा, नाही सुटली तर बंद. याच धड्याचं तिसरं पुस्तक आणावंसं वाटू लागलं तर ती खूण ओळख: धडा हलत नाहीये आणि तू पैशाने तो ढकलायला बघतोयस.

उलट बाजूने एक सावधगिरी. काही मुलं गेलेल्या तासांना चिकटत नाहीत, ती पहिल्याच अडचणीला पळतात आणि त्याला शहाणपण म्हणतात. फरक कळतो असा: विचारपूर्वक सोडणाऱ्याला आपण नेमका कोणता प्रकार सोडला ते एका वाक्यात सांगता येतं. "मला इंटिग्रेशन जमत नाही" असं कुणी म्हणालं तर त्याने अजून वीस गणितांचा तो कागद केलेला नाही, आणि तो केल्याशिवाय त्याने काहीच सोडू नये.

हे सगळं तुझ्या परिस्थितीपुरतं आहे. पाच आठवड्यांऐवजी तीन महिने असते तर `tan(x/2)` सुद्धा शिकून घे म्हटलं असतं. बाकीचे सगळे धडे झालेले असते आणि फक्त शेवटचे काही मार्क वाढवायचे असते, तर त्या फांद्यांच्या टोकांतच ते मार्क असतात, मग हिशेब पार उलटतो. जेईई मेन देणार असशील तर तिथे चुकीच्या उत्तराला एक मार्क जातो, म्हणून सोडलेल्या प्रकारावर अंदाज ठोकण्याचा माझा वरचा हिशेब तिथे लावू नकोस. आणि गणितात अकरावीचेही दहा प्रश्न असतात. व्हेक्टर्सनंतर त्यांच्याकडे बघ, तिथे थोड्या उजळणीत बरंच परत येतं.

तेव्हा आज वीस गणितं निवडून ठेव, पण दोन दिवस इंटिग्रेशनला हात लावू नकोस. त्या दोन दिवसांत व्हेक्टर्सचा पहिला स्वाध्याय होईल. परवा तो चाळीस सेकंदांचा कागद कर आणि ओळखता न आलेल्या गणितांचे प्रकार इथे लिहून टाक. ते बघून कोणता ठेवायचा, कोणता बाजूला आणि कोणता कायमचा बंद, ते मी सांगतो. परीक्षेच्या आधीच्या शेवटच्या आठवड्यात मात्र बाजूला ठेवलेलं पान उघडायचं नाही, तारीख लिहिलेली असली तरी. त्या दिवसांत रोज नव्वद मिनिटांचा एक पूर्ण पेपर आणि त्यातल्या चुका, एवढंच.